सोबत एक शब्दही नसलेली प्रश्नपत्रिका

अभ्यासाच्या अ‍ॅपवर कुणीतरी प्रश्नपत्रिकेचा फोटो टाकतं आणि सोबत काहीच लिहीत नाही. आता काय करून द्यायचं? सराव चाचणी, उत्तरसूची, की कोणत्या घटकावर काय विचारलंय याचा आराखडा? प्रश्न वाचण्याआधी कागद निरखून पाहावा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

समजा, भौतिकशास्त्राचा एक प्रश्न असा आहे: २० मीटर उंचीवरून सोडलेला दगड किती वेळात जमिनीवर पडेल? गुरुत्व त्वरण १० धरायचं आहे. उंचीची दुप्पट, म्हणजे ४०, त्याला १० ने भागलं की ४ येतात. त्याचं वर्गमूळ २, म्हणून उत्तर २ सेकंद. फोटोत प्रश्नाशेजारी पेन्सिलीनं ‘४ सेकंद’ लिहिलेलं असेल, तर मुलानं पेपर सोडवलेला आहे आणि वर्गमूळ घ्यायचं राहून गेलंय. त्याला पुन्हा चाचणी देण्यात अर्थ नाही. पायऱ्यांसह उत्तरसूची दिली तरच चूक नेमकी कुठे झाली ते त्याला दिसेल.

कागद कोरा असेल तर मात्र माझा कौल सराव चाचणीला. रोएडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात ५६ टक्के मजकूर उरला होता, वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. तयार उत्तरसूची नुसती वाचणं हे त्या दुसऱ्या वाचनासारखंच. शिवाय चाचणीनंतर उत्तरं केव्हाही देता येतात, पण एकदा पाहिलेलं उत्तर न पाहिल्यासारखं करता येत नाही. म्हणून अंदाज चुकणारच असेल, तर तो चाचणीच्या बाजूनं चुकलेला परवडतो.

चाचणीत तेच आकडे ठेवू नयेत, नाहीतर ‘२ सेकंद’ नुसतं पाठ होतं. उंची ४५ मीटर करावी. उत्तर ३ सेकंद येतं, वर्गमूळही पूर्णांकात सुटतं आणि रीत मात्र पुन्हा वापरावी लागते.

आराखडा परीक्षा लांब असताना कामाचा. पण एकाच पत्रिकेवरून ‘या धड्याला जास्त गुण असतात’ असं ठरवू नये. पुढच्या वर्षी भार बदलू शकतो. निदान तीन-चार वर्षांच्या पत्रिका शेजारी ठेवाव्यात.

एक खूण मात्र बाकी सगळ्यांवर मात करते. पत्रिकेवर आजची तारीख आहे आणि छापलेली वेळ अजून संपलेली नाही, असं दिसलं तर उत्तरं देऊच नयेत. कदाचित परीक्षा चालू असेल. अशा वेळी काही बनवण्याआधी पेपर झाला का, एवढं विचारावं.