अभ्यासवैराग्याभ्यां तन्निरोधः

पातंजल योगसूत्रांच्या समाधिपादातील हे बारावे सूत्र आहे. अभ्यास आणि वैराग्य या दोहोंनी चित्तवृत्तींचा निरोध होतो, असा त्याचा अर्थ.

‘अभ्यासवैराग्याभ्याम्’ हा द्वंद्व समास असून त्याची तृतीया द्विवचनी आहे. म्हणजे दोन्ही साधने एकत्र अभिप्रेत आहेत, विकल्पाने नव्हेत. ‘तन्निरोधः’ मधील ‘तत्’ हे पद आधीच्या सूत्रांत सांगितलेल्या प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती या पाच वृत्तींकडे निर्देश करते. निरोध म्हणजे त्या वृत्तींचे शमणे. मन बळाने दाबून धरणे नव्हे.

मराठीत अभ्यास म्हटले की पाठांतर किंवा अध्ययन आठवते, पण येथे तेराव्या सूत्राची व्याख्या धरावी लागते: चित्त स्थिर राहावे यासाठी केलेला यत्न. तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला तरच दृढ होतो, असे चौदावे सूत्र सांगते. वैराग्य म्हणजेही घर सोडणे नव्हे. पाहिलेल्या आणि शास्त्रातून ऐकलेल्या, म्हणजे स्वर्गासारख्या, विषयांची तहान उरली नसताना चित्तावर येणारा ताबा, असे पंधरावे सूत्र म्हणते.

दोन्ही साधने का हवीत, हे व्यासभाष्य नदीच्या दृष्टांताने सांगते. चित्तनदी दोन्हींकडे वाहते, कल्याणाकडे आणि पापाकडेही. वैराग्याने विषयांचा प्रवाह अडतो, विवेकाच्या अभ्यासाने दुसरा मोकळा होतो. गोव्यातील खाजन शेतीच्या बांधातले ‘मानस’ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चटकन पटेल: भरतीच्या वेळी त्याची झडप खारे पाणी अडवते आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडते. फरक एवढाच, की मानसाची झडप पाण्याच्या दाबाने आपोआप हलते, चित्ताच्या बाबतीत मात्र यत्न करावा लागतो.

समजा, फोंड्यातील एक साधक श्वासाकडे लक्ष देऊन बसला आहे आणि गेल्या चवथीला आपण बांधलेल्या माटोळीचे झालेले कौतुक त्याला आठवते. ही स्मृतिवृत्ती होय. लक्ष पुन्हा श्वासावर आणणे हा अभ्यास. आठवणीची गोडी चाखत तिला पुढे न वाढवणे हे वैराग्य, निदान त्याची सुरुवात. केवळ लक्ष परत आणले आणि गोडी तशीच राहिली, तर तीच आठवण पुनःपुन्हा येते आणि साधक ओढाताणीने थकतो. उलट, कौतुकाची ओढ ओसरली पण यत्नही सुटला, तर झोप येते, आणि निद्रा हीसुद्धा वृत्तीच असल्याने त्या शांततेला निरोध म्हणता येत नाही. बैठकीनंतर थकवा वाटतो की गुंगी, यावरून कोणते अंग कमी पडले ते बऱ्याच अंशी ओळखता येते.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात, मन चंचल असल्याची अर्जुनाची तक्रार ऐकून श्रीकृष्णही हीच दोन साधने सांगतात.