व्हॉट्सॅप लगेच वाजतं, मग ऑफिसचा मेल का नाही?

रात्री पावणेअकराला आलेल्या ऑफिसच्या मेलची सूचना सकाळी फोन उचलल्यावर वाजते. त्याच फोनवर व्हॉट्सॅपचे मेसेज मात्र रात्रभर वेळेवर येत असतात. बहुतेक जण दोष 'सर्व्हर स्लो आहे' म्हणून सर्व्हरवर ढकलतात. पण तो मेल उघडून त्याचे हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद बघा. त्यात `Received:` असं लिहिलेल्या ओळी असतात. सर्वांत वरच्या ओळीत तुमच्या सर्व्हरने मेल घेतल्याची वेळ असते. ती पावणेअकराची असेल, तर सर्व्हरने आपलं काम केव्हाच केलंय. उशीर फोनमध्येच झालाय.

अँड्रॉइडमध्ये 2015 पासून 'डोझ' नावाची सोय आहे. चार्जर काढलेला, स्क्रीन बंद आणि फोन बराच वेळ एकाच जागी पडून असला, की फोन गाढ झोपेत जातो. मग ॲप्सचं नेटवर्क बंद होतं आणि त्यांची ठरलेली कामं पुढे ढकलली जातात. मधूनमधून फोन थोडा वेळ जागा होतो, तेवढ्यात सगळी ॲप्स साचलेली कामं उरकतात. फोन पडून राहील तसतसं असं दोनदा जागं होण्यामधलं अंतर वाढत जातं.

असं का करायचं? मोबाइलचा रेडिओ एकदा चालू झाला, की चिमूटभर माहिती पाठवूनही लगेच बंद होत नाही, आणखी काही सेकंद बॅटरी खात राहतो. दहा ॲप्सनी त्याला दहा वेळा उठवण्यापेक्षा सगळ्यांची कामं एकदमच केलेली परवडतात.

व्हॉट्सॅपसारख्या ॲप्सना यातून वाट मिळते ती गूगलच्या एफसीएम या सूचना पोचवणाऱ्या सेवेमुळे. फोन तिच्याशी एकच जोडणी राखतो. सर्व्हरने मेसेजला 'हाय प्रायॉरिटी' असा शिक्का मारला, की झोपलेला फोनही त्या ॲपपुरता जागा होतो. म्हणजे सगळ्या ॲप्ससाठी मिळून दारावर एकच रखवालदार.

आयमॅप ही सर्व्हरवरचे मेल वाचण्याची पद्धत. ऑफिसच्या साध्या आयमॅप सर्व्हरला हा रखवालदार माहीत नसतो. तिथे मेल ॲप स्वतःच `IDLE` हा आदेश देऊन सर्व्हरशी जोडणी उघडी धरून बसतं. हा आदेश दर 29 मिनिटांच्या आत पुन्हा द्यावा, असं 1997 च्या मानकात सांगितलंय. डोझमध्ये नेटवर्कच नसल्यामुळे जोडणी मुकाट्याने तुटते, आणि सर्व्हरने दिलेली हाक कुणालाच ऐकू जात नाही.

याची खात्री सहज करता येते. एक रात्र फोन चार्जिंगला लावून ठेवा. चार्जर लावलेला असताना डोझ लागत नाही. त्या रात्री मेल वेळेवर आले, तर दोष डोझचाच. मग त्या एकाच ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये `Unrestricted` निवडा, म्हणजे डोझमध्येही त्याला नेटवर्क मिळतं. बॅटरी थोडी जास्त जाईल. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट'ची परवानगी वेगळी द्यावी लागते.

'बॅटरी दुप्पट टिकवतो' म्हणणारी क्लीनर ॲप्स मात्र काढूनच टाका. त्यांतली काही मेल ॲपला `Force stop` करतात. मग तुम्ही स्वतः ते उघडेपर्यंत त्याची एकही सूचना येत नाही, `Unrestricted` असलं तरी.