मोसमी वारे व त्यांचे आगमन

भारतीय उपखंडावर जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून वाहणाऱ्या बाष्पयुक्त वाऱ्यांना नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणतात. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात, हे एडमंड हॅले याने १६८६ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण अपुरे आहे. विदर्भ मे महिन्यात सर्वाधिक तापतो, पण पाऊस तेव्हा येत नाही. उलट पावसाने जमीन निवल्यानंतर, जुलैमध्ये, वारे अधिक जोमाने वाहतात.

विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतील वारे एकत्र येऊन वर चढतात. तो कमी दाबाचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेकडे सरकून जुलैपर्यंत गंगेच्या मैदानावर येतो. दक्षिण हिंदी महासागरातील मॅस्करीन बेटांजवळच्या जास्त दाबाच्या क्षेत्रातून निघालेले वारे त्याच्याकडे ओढले जातात आणि विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ त्यांचा वेगवान झोत बनतो व तो अरबी समुद्रावरून कोकणाकडे येतो. त्यांतील बाष्पाचे ढग होताना सुटणारी उष्णता हवा आणखी वर चढवते, त्यामुळे पाऊस वाऱ्यांना स्वतःच बळ पुरवतो.

ऋतूची ही चौकट दरवर्षी तीच असली, तरी प्रारंभाची तारीख त्या आठवड्यांतील समुद्रावरच्या घडामोडी ठरवतात. केरळमधील आगमनाची सरासरी तारीख १ जून आहे. एखाद्या वळिवाच्या सरीला मोसमी पाऊस समजले जाऊ नये, म्हणून भारतीय हवामान विभाग १० मेनंतर ठरावीक १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला का, हे पाहतो; शिवाय पश्चिमी वाऱ्यांची खोली व वेग आणि ढगांचे आच्छादनही तपासतो.

चक्रीवादळाचा परिणाम त्याच्या जागेवर व मार्गावर अवलंबून असतो. २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ने अरबी समुद्रातील बाष्प व वारे आपल्याभोवती खेचून घेतले. केरळात पाऊस ८ जूनला आला, ११ जूनला रत्नागिरीपर्यंत पोहोचला आणि तेथेच रेंगाळला; वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर धडकून विरल्यानंतरही प्रवाह सावरायला वेळ लागला. मुंबईत तो २५ जूनला, म्हणजे ११ जून या सरासरी तारखेनंतर दोन आठवड्यांनी दाखल झाला. याउलट २०२५ मध्ये कोकण किनाऱ्याजवळच्या कमी दाबाच्या क्षेत्राने हेच वारे किनाऱ्याकडे ओढले आणि केरळात २४ मेला आलेला पाऊस अवघ्या दोन दिवसांत मुंबईत पोहोचला. विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकणारा, सुमारे ३० ते ६० दिवसांनी परतणारा ढगांचा पट्टा हिंदी महासागरावर केव्हा येतो, यावरही आगमन लांबते किंवा अलीकडे येते.

लवकर आगमन म्हणजे भरपूर पाऊस नव्हे. २०२५ मध्येच मेअखेरीस वाऱ्यांची आगेकूच थांबली व ती जूनच्या मध्यापर्यंत जवळजवळ ठप्प राहिली. अशा खंडात उगवलेले रोप करपले, तर शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते. म्हणून पेरणीसाठी आगमनाच्या तारखेपेक्षा जमिनीतील ओल आणि पुढील दोन आठवड्यांचा अंदाज अधिक भरवशाचा असतो.