बिटर्स थेंबानेच का घालायचं, आणि ते बनतं कसं

दुकानात आलेले बहुतेक जण बिटर्सची, म्हणजे मुळं, सालं आणि मसाले अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेल्या कडू, सुगंधी अर्काची बाटली हातात घेऊन पहिला प्रश्न हाच विचारतात की, एवढीशी ५० मिलीची बाटली पुरणार तरी किती दिवस? नीट वापरली तर तीत अडीचशे ग्लास होतात. तो हिशेब पुढे मांडला आहे, कारण तो कळला की थेंब मोजून का घालायचे हेही आपोआप कळतं.

आधी कडूपणाचं बोलू. नागपूरकराला याचा अनुभव घरचाच आहे. संत्र्याचा रस काढून तासभर ठेवला किंवा काढताना बिया चिरडल्या गेल्या, की तो कडवट होतो. ताज्या रसात जे द्रव्य चवहीन असतं, त्याचं रसाच्याच आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन होतं. हे लिमोनिन दहा लाख भागांत सहा-सात भाग झालं तरी जिभेला कळतं. साखरेचं असं नसतं. पाण्यात साखर आहे हे कळायला ग्लासात चिमूटभर तरी लागते. कडू चवीच्या बाबतीत मात्र आपली जीभ फार तीक्ष्ण आहे, कारण निसर्गातली बरीच विषं कडू असतात आणि ती तोंडातच ओळखता येणं जिवाच्या फायद्याचं होतं.

आमच्या बिटर्सचा कणा म्हणजे जेंशनचं मूळ. पिवळ्या फुलांची ही वनस्पती युरोपातल्या डोंगरांवर वाढते आणि तिचं वाळलेलं मूळ आम्ही मागवतो. आपल्याकडे काढ्यात घालतात ते हिमालयातलं काडेचिराईत तिच्याच कुळातलं आहे. दोन्हींत अमारोजेंटिन नावाचं द्रव्य अगदी थोड्या प्रमाणात असतं. ते १ ग्रॅम घेऊन ५८ हजार लिटर पाण्यात मिसळलं, तरी ते पाणी चाखणाऱ्याला कडू लागतं. उन्हाळ्यात वस्तीत येणारे दहा हजार लिटरचे जवळपास सहा टँकर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे याचा जोर लक्षात येईल. मुळात इतर कडू द्रव्यंही असतात, पण ती याच्यापुढे सौम्यच. औषधकोशाच्या मोजमापाप्रमाणे चांगल्या जेंशन मुळाच्या १ ग्रॅमने किमान १० लिटर पाणी जेमतेम कडू लागलं पाहिजे. खरेदी करताना आम्ही हाच निकष धरतो.

आता ग्लासाचा हिशेब. आमच्या १ मिली बिटर्समध्ये सुमारे ६० मिलिग्रॅम मुळाचा अर्क उतरलेला असतो. म्हणजे १ मिलीने ६०० मिली पाणी जेमतेम कडू लागेल. तुमचा ग्लास २०० मिलीचा असेल तर त्याला एक तृतीयांश मिली, म्हणजे ड्रॉपरचे साधारण १३ थेंब लागतील. ही झाली कडूपणाची सीमारेषा. लिंबू सोड्यासारख्या गोड-आंबट पेयात ती थोडी वर सरकते, कारण साखर कडूपणा झाकते. आम्ही सांगतो ते ८ थेंब या रेषेच्या बरेच खाली राहतात. तेवढ्या बिटर्सने पेय कडू लागत नाही, पण कडू चव साखरेच्या गोडीला आवर घालते. त्यामुळे तेच सरबत कमी चिकट आणि जास्त भरीव लागतं. खात्री करायची असेल तर एकाच तांब्यातलं लिंबू सरबत दोन ग्लासांत ओता, एका ग्लासात ८ थेंब घाला आणि आलटून पालटून दोन्हींचा घोट घ्या. बहुतेकांना थेंब घातलेल्या ग्लासात साखर कमी आहे असं वाटतं.

पंधरा-वीस थेंब घातले की चित्र बदलतं. कडूपणा उशिरा वर येतो आणि बराच वेळ जिभेवर रेंगाळतो. म्हणून पहिला घोट घेऊन "काहीच कळत नाही" असं म्हणत आणखी थेंब टाकू नका. दोन-तीन घोट होऊ द्या. जास्त पडलंच तर साखर वाढवून उपयोग होत नाही, सरबत दुप्पट करून वाटून घ्या.

आता थेंबाविषयी. पाण्याचे २० थेंब म्हणजे १ मिली, हे औषधाच्या बाटलीमुळे अनेकांना पाठ असतं. इथे ते चालत नाही. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशच असतो, त्यामुळे अल्कोहोल मिसळलेल्या द्रवाचा थेंब ड्रॉपरच्या टोकाला फार धरून राहत नाही, लहान असतानाच सुटतो. आमच्या ड्रॉपरने १ मिलीत जवळपास ४० थेंब बसतात. ५० मिलीत झाले दोन हजार, ग्लासाला आठ धरले की अडीचशे ग्लास.

परदेशी पाककृतीत "एक डॅश" असं लिहिलेलं असेल तर सांभाळा. तिथल्या बाटलीच्या तोंडाला बारीक छिद्राचं प्लास्टिकचं बूच असतं आणि एका झटक्यात साधारण पाऊण मिली बाहेर येतं, म्हणजे आमच्या ड्रॉपरचे ३० थेंब. शिवाय बाटली भरलेली आहे की अर्धी, यावरही झटक्याचं माप बदलतं. ड्रॉपर द्यायचं आम्ही याचसाठी ठरवलं.

सुगंधाचं गणित मात्र वेगळं आहे, आणि आमच्या मते बाटलीची अर्धी किंमत त्यातच आहे. सालीतली आणि मसाल्यातली तेलं अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाण्यात नाही. थेंब सोड्यावर पडला की त्यातलं अल्कोहोल पाण्यात पसरतं आणि तेलाला विरघळून राहायला जागा उरत नाही. ते अतिसूक्ष्म कणांनी सुटं होतं, म्हणून थेंब पडतो तिथे क्षणभर धुरकट वलय दिसतं. सोड्याचे बुडबुडे हेच तेल वर नाकापाशी आणतात. यासाठी बिटर्स सगळ्यात शेवटी, बर्फ आणि सोडा घातल्यावर टाका आणि ढवळू नका. आधी टाकून चमचा फिरवलात तर कडूपणा मिळेल, पण वास निम्मा होईल.

बनवण्याची रीत

या धंद्याची जुनी वाट औषधातून आली आहे. १८२४ साली व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावात योहान सीगर्ट या जर्मन डॉक्टरने पोटासाठी असा अर्क तयार केला आणि पुढे तो पेयांत थेंबाथेंबाने घालायची पद्धत जगभर पसरली. आम्ही औषधी गुणाचा कोणताही दावा करत नाही, आमचा माल चवीसाठी आहे.

साधारण ९५० मिलीच्या एका घाण्याचं उदाहरण घेऊ. सगळं एकाच बरणीत टाकता येतं, पण आम्ही तीन बरण्या वेगळ्या लावतो, कारण प्रत्येक जिन्नस अर्क सोडायला वेगळा वेळ आणि वेगळ्या ताकदीचं अल्कोहोल मागतो. पहिल्या बरणीत ६० ग्रॅम जेंशनचे तुकडे ५० टक्के अल्कोहोलच्या ४०० मिलीत भिजतात. कडू द्रव्यं पाण्यातही विरघळतात, म्हणून इथे फार कडक अल्कोहोल लागत नाही, आणि पाच-सहा दिवसांत काम होतं. दुसऱ्या बरणीत ५० ग्रॅम वाळलेली संत्र्याची सालं ७० टक्क्यांच्या ३५० मिलीत बारा दिवस राहतात. तिसरीत वेलची, दालचिनी, धने आणि दोन ग्रॅम लवंग मिळून १५ ग्रॅम मसाला, तितक्याच ताकदीच्या १०० मिलीत. ही बरणी रोज चाखावी लागते. लवंग तिसऱ्या दिवसानंतर बाकी सगळ्यांवर चढते आणि अर्काला दातदुखीच्या औषधाचा वास यायला लागतो. मग तो घाणा वाचवता येत नाही.

सालीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नागपुरात असण्याचा खरा फायदा तिथेच आहे. परदेशी संत्रा बिटर्ससाठी आंबट-कडू जातीच्या संत्र्याची साल वापरतात, तिच्यात स्वतःचाच बराच कडूपणा असतो. आपल्या संत्र्याची साल सुटी, पातळ आणि वासाला गोड असते. आतला पांढरा भाग कमी आणि कडूपणाही कमी. म्हणून आमच्या घाण्यात साल वासाचं काम करते आणि कडूपणा मुळाकडून येतो. सालं आम्ही काटोलकडच्या बागांतून आंबिया बहाराची घेतो. बाजारातल्या चकचकीत फळावर मेणाचा थर असू शकतो आणि तो थेट अर्कात उतरतो. वाळवणं सावलीतच करायचं. कडक उन्हात साल दोन दिवसांत कडकडीत होते खरी, पण तपकिरी पडते आणि तिचं तेल उडून जातं. नीट वाळलेली साल वाकवली की कट्कन मोडते आणि मोडलेल्या जागी वास येतो. मोडण्याऐवजी ती लवली तर आत ओल आहे, आणि अशी साल डब्यात बुरशी धरते.

तिन्ही बरण्या गाळल्या, चोथा पिळला, की साधारण ७०० मिली अर्क हाती येतो. बाकीचा चोथ्यात मुरलेला असतो. तो चोथा थोड्या पाण्यात मंद उकळून ते पाणीही गाळून घेतो, म्हणजे राहिलेला कडूपणा आणि रंग वाया जात नाही. मग अर्क, हे पाणी आणि थोडी करपवलेली साखर एकत्र करून अल्कोहोल मोजून ४५ टक्क्यांवर आणतो. पाणी मिसळताच सगळं गढूळ होतं, कारण ग्लासात दिसतं तेच इथेही घडतं. दोन आठवडे थंड जागी स्थिर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ द्रव कागदातून गाळून बाटल्या भरतो. तुमच्या बाटलीच्या तळाशी पुढे थोडा साका दिसला तर तो मुळातल्या पेक्टिनसारख्या द्रव्यांचा आहे, बिघाड नव्हे. बाटली हलवून वापरा.

प्रत्येक घाणा आधीच्या घाण्याच्या राखून ठेवलेल्या नमुन्याशी ताडून पाहतो. दोन्ही सारख्याच प्रमाणात पाण्यात मिसळून, पातळ करत करत, कोणता आधी बेचव होतो ते बघायचं. दोन चाखण्यांमध्ये चूळ भरून किमान दहा मिनिटं थांबावं लागतं, कारण कडूने जीभ बधिर होते आणि पुढचा नमुना उगाच सौम्य वाटतो.

काही गोष्टी स्पष्ट असाव्यात. यात अल्कोहोल आहे. ८ थेंबांमुळे २०० मिली ग्लासात ते ०.०५ टक्क्यांच्या आसपास येतं, पण तत्त्वाने, धर्माने किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने जे दारू पूर्ण टाळतात, त्यांना हे आधी सांगून मगच ग्लास द्या. मुलांच्या सरबतात घालू नका. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी असल्याने तिकडे आम्ही पार्सल पाठवत नाही. घरी करून पाहायचं मनात असेल तर औषधाच्या दुकानातलं स्पिरिट कधीही वापरू नका, त्यात पिण्याला अपायकारक द्रव्यं मिसळलेली असतात.

बाटली फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, पण मे महिन्यात खिडकीजवळ किंवा गॅसच्या ओट्यावर ठेवू नका. झाकण सैल राहिलं तर आधी अल्कोहोल आणि वास उडतो, मागे कडूपणा तेवढा घट्ट होत जातो, आणि आठ थेंबांचं माप चुकायला लागतं. उष्णता, उजेड आणि हवा मिळाली की संत्र्याचं तेल जुनं होतं. हे ओळखायचं तर तळहातावर एक थेंब चोळून वास घ्या. ताजी साल सोलल्याचा वास आला तर बाटली ठीक आहे. टर्पेंटाइनसारखा, रंगाच्या दुकानातला वास आला तर ती सरबतात घालू नका, दुकानात आणून दाखवा.