0/0 म्हणजे ‘लिमिट नाही’ नव्हे

“सर, x = 2 टाकलं की 0/0 येतं. मग लिमिट नाही असंच लिहू ना?”

नको. 0/0 आलं म्हणजे काम अजून बाकी आहे, इतकंच. (√(x+7) − 3)/(x − 2) घे. वर्गमूळ दिसतंय, म्हणून अंश आणि छेद दोन्हींना √(x+7) + 3 ने गुण. अंशात x + 7 − 9, म्हणजे x − 2 उरतो. छेदातला कंस मात्र सोडवत बसू नकोस, नाहीतर तिथला x − 2 हरवतो. तो कटतो, कारण x हा 2 च्या जवळ जातो, 2 होत नाही. उरलं 1/(√(x+7) + 3). आता 2 टाक: 1/6. शंका असेल तर x = 2.01 घालून बघ, 0.1666 येतं.

छेद शून्य पण अंश शून्य नाही, जसं 1/(x − 2), तर डावी-उजवी बाजू वेगळी तपास. इथे डावीकडून −∞, उजवीकडून +∞. तेव्हा ‘लिमिट नाही’ खुशाल लिही.