कोळंबीची ॲलर्जी आणि आयोडीन: डायच्या सीटी स्कॅनला येण्याआधी वाचा

ठाण्यातल्या आमच्या स्कॅन केंद्रात नाव नोंदवताना एक फॉर्म भरून घेतला जातो. बरीच वर्षे त्यात एक प्रश्न होता: 'कोळंबी, खेकडा किंवा आयोडीनची ॲलर्जी आहे का?' तो प्रश्न आम्ही आता काढून टाकला आहे. कोळंबी आणि आयोडीन एकाच ओळीत छापून आम्हीच लोकांच्या मनात एक चुकीची गाठ बांधत होतो: कोळंबी चालत नाही म्हणजे आयोडीन चालत नाही, म्हणून स्कॅनच्या वेळी इंजेक्शनने देतात तो आयोडीनचा डायही चालणार नाही. ती गाठ कशी सुटते आणि कोळंबीतला खरा त्रास देणारा पदार्थ कोणता, ते या पत्रकात सांगत आहोत.

गेल्या पावसाळ्यात कळव्याहून एक काकू आल्या होत्या. पोटाच्या सोनोग्राफीत यकृतावर साधारण तीन सेंटिमीटरचा डाग दिसला होता. त्यांचा एक सीटी स्कॅन दुसरीकडे झालेला होता, पण डाय न देता. फाइलवर लाल शाईने लिहिले होते, 'आयोडीन ॲलर्जी'. डायशिवाय तो डाग नुसता करडा ठिपका दिसत होता. गाठ कसली, हे त्यावरून कुणालाही सांगता आले नसते. तीन आठवडे घरात कॅन्सरच्या भीतीने कुणाला नीट झोप नव्हती.

आमच्या डॉक्टरांनी विचारले, "काकू, ही ॲलर्जी कधी कळली?"

"भाचीच्या हळदीला कोळंबीचं कालवण खाल्लं. पंधरा-वीस मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी सुई दिली तेव्हा उतरलं. मग कुणीतरी म्हणालं, कोळंबीत आयोडीन असतं, तेच तुम्हाला चालत नाही."

"सुरमई खाता?"

"खाते की. बांगडा, पापलेट, सगळं खाते. फक्त कोळंबी, चिंबोरी आणि जवळा बंद."

"आणि घरात मीठ कुठलं?"

काकू क्षणभर गप्प राहिल्या. "पाकिटातलं. आयोडीनवालंच."

काकूंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच मिळाले होते. आपल्याकडे खाण्याच्या मिठात आयोडीन घालणे बंधनकारक आहे. घरापर्यंत पोहोचलेल्या मिठात दर ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे लागते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम लागते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी त्यापासूनच आपले हार्मोन बनवते. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. म्हणजे काकूंच्या रक्तात आयोडीन जन्मापासून फिरत होते आणि रोजच्या भाजी-आमटीतून वर भर पडत होती. समुद्राच्या माशांतही ते असते, दुधात आणि अंड्यातही असते. आयोडीननेच अंगावर गांधी उठत असत्या, तर काकूंना वरणभातही पचला नसता.

दुसरी बाजू शरीराच्या ओळखण्याच्या पद्धतीची. कोळंबीसारख्या ॲलर्जीत आयजीई नावाची प्रतिपिंडे प्रथिनाचा ठरावीक आकार हेरून त्याला चिकटतात. आयोडीनचा सुटा अणू इतका लहान आणि साधा असतो की त्यात पकडण्याजोगा आकारच नसतो.

मग कोळंबीत नेमके काय आहे?

ट्रोपोमायोसिन. हे स्नायूतले प्रथिन आहे. स्नायू कधी आखडायचा आणि कधी सैल सोडायचा, यावर त्याचा ताबा असतो. दोन पेड एकमेकांवर पिळून दोरी वळावी, तशी त्याची रचना असते. ही पिळदार रचनाच त्रासाचे मूळ आहे, कारण ती उष्णतेला दाद देत नाही. कितीतरी प्रथिने शिजवल्यावर विस्कटतात आणि त्यांचा ॲलर्जी देणारा आकार मोडतो. ट्रोपोमायोसिन मात्र उकळले तरी टिकते, आणि उकळताना पाण्यातही उतरते.

या शोधात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे, हे आम्हाला आवर्जून सांगावेसे वाटते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आपल्याच किनाऱ्यावरच्या पांढऱ्या कोळंबीतून उष्णतेला टिकणारे ॲलर्जीकारक पदार्थ वेगळे केले. ते काम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९३ मध्ये त्याच गटाने अमेरिकी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की त्यातला प्रमुख पदार्थ ट्रोपोमायोसिन आहे. कोळंबीत ॲलर्जी देणारी आणखीही काही प्रथिने आहेत, पण बहुतेकांच्या बाबतीत मुख्य हेच.

घरातल्या कितीतरी गोष्टी यावरून उलगडतात. कोळंबी बाजूला काढून नुसता रस्सा वाढला तरी ओठ का सुजतात? कारण प्रथिन रश्शात उतरलेले असते. कोळंबी उकडताना वाफेजवळ उभे राहिल्यावर काहींना खोकला येतो किंवा दम लागतो, कारण ते वाफेबरोबर हवेतही जाते. एकाच तेलात आधी कोळंबी आणि मग बोंबील तळले, तर दोष बोंबलावर येतो. प्रत्यक्षात माशांची ॲलर्जी पार्व्हाल्ब्युमिन नावाच्या वेगळ्याच प्रथिनामुळे होते. काकू सुरमई सुखाने खात होत्या, त्याचे कारण हेच. माशांतही ट्रोपोमायोसिन असते, कोंबडीत असते, तुमच्या-आमच्या स्नायूंतही असते. पण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतले ते आपल्या प्रथिनाशी इतके मिळतेजुळते असते की शरीर त्याला परके मानत नाही. कोळंबी, खेकडा, शेवंड आणि जवळा यांच्यातले मात्र एकमेकांशी फार जुळते. म्हणून एकाची ॲलर्जी असेल तर बाकीचेही टाळायला सांगतात. तिसऱ्या, कालवे आणि माकुल यांच्यातले जरा वेगळे असते. ते काहींना चालतात, काहींना नाही. हे ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून तपासूनच ठरवावे.

झुरळात आणि धुळीतल्या बारीक किड्यांतही याच जातीचे ट्रोपोमायोसिन असते. त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्या एखाद्याची रक्ततपासणी कोळंबीसाठी 'पॉझिटिव्ह' येते, आणि तो माणूस लहानपणापासून कोळंबी मजेत खात असतो. नुसत्या कागदावरून ॲलर्जीचा शिक्का मारू नये. खाल्ल्यावर काय झाले आणि किती वेळात झाले, हा इतिहास जास्त मोलाचा.

आयोडीनच्या गैरसमजातून एक धोका उलट दिशेनेही येतो. 'समुद्राच्या कोळंबीत आयोडीन असतं, नदीतली चालेल,' असे म्हणून काहीजण गोड्या पाण्यातली कोळंबी खाऊन बघतात. तीही कोळंबीच, तिच्या स्नायूतही तेच प्रथिन. कृपा करून हा प्रयोग घरी करू नका.

डायची रिॲक्शन येते ती कशामुळे?

सीटी स्कॅनच्या डायमध्ये आयोडीन भरपूर असते, हे खरे. ३०० ताकदीचा, म्हणजे दर मिलीत ३०० मिलिग्रॅम आयोडीन असलेला डाय ८० मिली दिला, तर त्यात २४ ग्रॅम आयोडीन जाते. क्ष-किरण अडवण्यासाठी जड अणू लागतो, म्हणून ते घातलेले असते. पण ते सुटे नसते. एका कड्याला आयोडीनचे तीन अणू घट्ट जोडलेले, असा तो मोठा रेणू असतो. काहींच्या शरीरात हा रेणू मास्ट नावाच्या पेशींना डिवचतो, त्यातून हिस्टामिन हे खाज-सूज आणणारे रसायन सुटते आणि खाज, गांधी किंवा क्वचित गंभीर त्रास होतो. या त्रासाचे कारण तो अख्खा रेणू असतो. कोळंबीचे प्रथिन त्यात कुठेच नसते. आताच्या डायने असा त्रास हजारात साधारण पाच-सात जणांना होतो, तोही बहुधा सौम्य. गंभीर रिॲक्शन दहा हजारांत साधारण चार.

मग कोळंबीचे नाव यात आले कुठून? १९७५ मध्ये शेहादी या रेडिओलॉजिस्टनी डायच्या रिॲक्शनची एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. रिॲक्शन आलेल्यांपैकी काहींनी समुद्री खाण्याची ॲलर्जी असल्याचे सांगितले होते. अंडी, दूध अशा इतर पदार्थांची ॲलर्जी सांगणारेही त्यात होते. पण समुद्री खाणे आणि आयोडीन ही जोडी डोक्यात पटकन बसली आणि फॉर्मवरून फॉर्मवर उतरत गेली. कुठलीही ॲलर्जी किंवा दमा असलेल्यांना डायचा त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. त्यात कोळंबीचे स्थान शेंगदाण्याहून वेगळे नाही, आणि फक्त तेवढ्यासाठी डाय नाकारावा लागत नाही.

काकूंना आम्ही डाय दिला. आधी सांगून ठेवले की अंगात गरम लाट आल्यासारखे होईल आणि तोंडाला धातूची चव येईल. हे जवळपास सगळ्यांना होते, ती ॲलर्जी नव्हे. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्या डागाच्या कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी डाय भरला, सव्वा मिनिटाने आणखी आत सरकला आणि काही मिनिटांनी डाग पूर्ण भरून आला. कडेकडून आत भरत जाणारा हा नमुना हेमँजिओमाचा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठीचा. अर्धा तास त्यांना बसवून ठेवले. काही झाले नाही.

तुम्ही आम्हाला काय सांगावे

सगळ्यात आधी हे सांगा: पूर्वी डायच्या इंजेक्शनने त्रास झाला होता का? धोक्याची सर्वांत मोठी खूण तीच. झाला असेल तर डायचे नाव आणि नेमके काय झाले ते लिहिलेला जुना कागद आणा, कारण बऱ्याचदा दुसऱ्या नावाचा डाय वापरता येतो. गोळ्या देऊन तयारी करायची असेल, तर ती स्कॅनच्या बारा-तेरा तास आधी सुरू करावी लागते. म्हणून हे नाव नोंदवतानाच सांगा, टेबलावर झोपल्यावर नको.

दमा, किडनीचा आजार आणि मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी यांबद्दलही सांगा. आणि थायरॉइड. आयोडीनचा खरा विचार करावा लागतो तो इथे. ग्रंथी जास्त काम करत असेल, तर एवढ्या आयोडीनने त्रास वाढू शकतो. किरणोत्सारी आयोडीनचे उपचार ठरले असतील, तर डायमुळे ते काही आठवडे पुढे ढकलावे लागतात. ही ॲलर्जी नव्हे, पण महत्त्वाची बाब आहे.

कोळंबीची ॲलर्जीही जरूर सांगा. ती खरी आहे, जिवावर बेतू शकते, आणि कोळंबी बंदच ठेवायची आहे. काकूंनाही आम्ही तेच सांगितले. कोळंबी खाऊन श्वास लागला, घसा आवळला किंवा चक्कर आली, तर ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नका. मांडीत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन लागते, ताबडतोब जवळच्या रुग्णालयात जा.

तुमच्या फाइलवर 'आयोडीन ॲलर्जी' असे लिहिलेले असेल, तर ते कशावरून लिहिले हे आठवून या: कोळंबी, डाय की जखमेवर लावलेले तपकिरी औषध. त्या औषधाने कातडी लाल होते ती बहुधा नुसती जळजळ असते किंवा त्यातल्या दुसऱ्या घटकाचा त्रास. काकूंच्या फाइलवरची लाल ओळ आमच्या डॉक्टरांनी खोडली आणि तिच्याखाली लिहिले: 'कोळंबी, खेकडा, जवळा यांची ॲलर्जी. आयोडीनयुक्त डाय दिला, त्रास नाही.' खाली तारीख आणि डायचे नाव घातले.