वार-महिन्यांचे अभिनयगीत (कोकण)

अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वारांची आणि महिन्यांची नावे क्रमाने पाठ व्हावीत म्हणून ठेक्यावर, हातवारे करत म्हटले जाणारे बडबडगीत. ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळचे असते. सूर एखाददुसराच असतो, बाकी सगळी मदार तालावर. या नोंदीत कोकणपट्टीतल्या मुलांच्या ओळखीच्या हालचालींवर अशी गीते कशी बेतता येतात आणि ती कुठे फसतात, एवढेच पाहिले आहे. नमुन्याच्या महिन्यांच्या ओळी या नोंदीसाठीच रचल्या आहेत.

शिकण्यात शरीराला सामील करून घेण्याची रीत या किनाऱ्याला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांच्या कामात आल्या आणि 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. विकत आणलेल्या साहित्याऐवजी शंखशिंपले, बिया, पाने आणि मुलांच्या रोजच्या पाहण्यातली कामे वापरायची, हा तिथला आग्रह होता. सरकारी अंगणवाड्या 1975 पासूनच्या.

वारांच्या गीताची खरी गोम आकड्यात आहे. वार सात, आणि ठेका मात्र चारचारच्या घरात चालतो. त्यामुळे दोन ओळी केल्या की दुसऱ्या ओळीत एक जागा रिकामी राहते:

रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार,
गुरुवार, शुक्रवार, शनिवार, (टाळी)

ही आठवी टाळी भरतीची वाटते, पण सगळे काम तीच करते. ती वाजली की जीभ आपोआप ‘रविवार’कडे वळते. यादी संपली असे मुलाला वाटत नाही, चाक फिरले असे वाटते. काही जण ती जागा ‘झाले वार’ असे शब्द घालून भरतात. तसे केले की गाणे तिथेच थांबते आणि शनिवारनंतर काय, या प्रश्नाला मूल गप्प बसते. टाळी मुकीच ठेवावी.

सगळ्या नावांच्या शेवटी ‘वार’ असल्याने कानाला ती सारखीच लागतात, म्हणून प्रत्येकाला वेगळी हालचाल लागते. कोकणात तिचा आयता आधार म्हणजे ताट. बऱ्याच घरांत रविवार, बुधवार आणि शुक्रवार हे मासळीचे वार असतात; सोमवार, गुरुवार आणि शनिवारी मासे शिजत नाहीत. मंगळवारचे घरोघरी वेगळे. तीन वर्षांच्या मुलाला ‘बुधवार’ हा शब्द येत नसला तरी आज कालवणाचा वास आहे की नाही, हे नक्की कळते. साहजिकच पहिला मोह होतो तो तिन्ही वारांना हाताचा मासा करून दाखवण्याचा. तो टाळावा. एकच खूण तीनदा आली की मूल रविवारच्या माशावरून थेट शुक्रवारच्या माशावर उडी मारते. त्यापेक्षा रविवारी तळहातांचा मासा पोहवावा, बुधवारी डोक्यावर मासळीची पाटी धरावी आणि शुक्रवारी तव्यावर तुकडी उलटावी. मधले वार देवांचे: सोमवारी त्रिशूळ, मंगळवारी हाताची सोंड, गुरुवारी दत्ताची तीन बोटे, शनिवारी मारुतीची गदा. जिथे घरे वेगवेगळ्या धर्मांची आहेत तिथे खुणा गावच्या आठवडा बाजारावरून, शाळेच्या सुट्टीवरून घ्याव्या लागतात. खूण कोणतीही चालते, दोन वारांना एकच नको.

आणखी एक गुंता आजीकडून येतो. घरी ‘आयतवार’ आणि ‘बेस्तवार’, अंगणवाडीत ‘रविवार’ आणि ‘गुरुवार’. हालचाल एकच ठेवून दोन्ही नावे म्हटली की मुले हा गुंता विनातक्रार सोडवतात. मोठ्यांनाच त्याची भीती जास्त.

गीत पाठ झाले म्हणजे वार आले, असे मात्र नाही. पाच वर्षांच्या मुलीला विचारा, ‘बुधवारनंतर कोण?’ ती ओठांतल्या ओठांत ‘रविवार, सोमवार…’ अशी पहिल्यापासून धावते, बुधवारवर पोचते आणि मग ‘गुरुवार’ म्हणते. उत्तर बरोबर, पण तिला साखळी येते, कडी येत नाही. ओठ हलताना दिसले की हे ओळखावे. उपाय असा: सात मुलांचे रिंगण करायचे, प्रत्येकाला एक वार द्यायचा आणि शनिवार-रविवारच्या मध्ये एक करवंटी ठेवायची. ती टाळीची जागा. मग रोज ज्या दिवशी आपण आहोत तिथून सुरुवात करायची. बुधवारी म्हणायचे, ‘बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, (टाळी), रविवार, सोमवार, मंगळवार.’ कुठूनही सुरू केले तरी ठोके आठच होतात, ताल मोडत नाही. सुरुवात रोज बदलली की पहिल्यापासून धावण्याची सवय सुटत जाते.

महिन्यांत ही अडचण नाही. बारा महिने सहा ऋतूंच्या जोड्यांत बसतात, आणि एका ओळीत एक जोडी आली की चार ठोके नीट भरतात:

चैत्र-वैशाख, आढी आंब्याची,
ज्येष्ठ-आषाढ, लावणी भाताची,
श्रावण-भादवा, मूर्ती बाप्पाची,
आश्विन-कार्तिक, लोंबी सोन्याची,
मार्गेसर-पौष, शेकोटी थंडीची,
माघ-फाल्गुन, पालखी देवाची.

‘भाद्रपद’ आणि ‘मार्गशीर्ष’ ही जोडाक्षरे लहान जिभेला जड जातात, म्हणून बोलीतली रूपे घेतली आहेत. पहिलीत जाण्याआधी पूर्ण नावांशी गाठ घालून द्यावी. या ओळींत एक दोषही आहे. सगळ्यांच्या शेवटी ‘ची’ असल्याने यमक क्रम राखत नाही. चौथी ओळ पाचवीच्या जागी गेली तरी कानाला काही खटकत नाही. क्रम राखायचे काम अंगाने करायचे. आढीशी बसून आंबा हुंगायचा, मूर्ती डोक्यावर घेऊन ताठ चालायचे, शेकोटीशी उकिडवे बसून हात शेकायचे, आणि शिमग्याची पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची.

लावणी आणि कापणी दोन्हींत मुले वाकतात आणि इथेच घोटाळा होतो. शेतात पाहिलेल्याला फरक ठाऊक असतो: रोप लावणारी माणसे मागे मागे सरकतात, कापणारी पुढे जातात. गीतात हेच जसेच्या तसे ठेवावे. आषाढात एकेक पाऊल मागे, आश्विनात विळा फिरवत एकेक पाऊल पुढे. ज्या मुलाच्या घरी शेत आहे ते चुकणाऱ्या बाईंनाही सुधारते.

जानेवारी ते डिसेंबर यांची सांगड या ओळींशी घालू नये. ती यादी वेगळ्या दिवशी, वेगळ्या चालीत घ्यावी. महिन्याचे दिवस मुठीच्या उंचवट्यांवर मोजण्याची युक्ती तर पहिली-दुसरीच्या पुढची. एकतीसपर्यंतचे आकडे पक्के नसतील तर मुलांना तो नुसता मुठीचा खेळ वाटतो.

बारा महिन्यांच्या गीतात अधिक महिन्याला जागा नाही. 2023 मध्ये श्रावण दोनदा आला. आदल्या वर्षी 31 ऑगस्टला आलेली गणेशचतुर्थी त्या वर्षी 19 सप्टेंबरला गेली. तरी तिसरी ओळ खोटी ठरली नाही, कारण गणपती भाद्रपदातच आला. अशा वर्षी त्या महिन्याचे नाव दोनदा म्हणायचे आणि हालचालही दोनदा करायची. मुलांना ते वर्ष विशेष आवडते, मूर्ती दोनदा उचलायला मिळते म्हणून.